डोळे आलेल्या लहान लेकराच्या डोळ्यांत ड्रॉप कसा घालायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण एक ते चार वर्षांच्या, हातपाय झाडणाऱ्या लेकरांना समोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. ड्रॉप कोणता आणि किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. तो घरी आणल्यावर डोळ्यात नीट कसा पोचवायचा, हे इथं सविस्तर दिलं आहे. औषध बरोबर असूनही गुण येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा थेंब डोळ्यात न जाता गालावरून ओघळलेला असतो.

डोळे जिवाणूंमुळे आलेत की साथीचे, हे कसं ओळखायचं?

जिवाणूंमुळे डोळे आले की घट्ट, पिवळी किंवा हिरवट चिपडं येतात. सकाळी पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि पुसल्यावर तासाभरात पुन्हा चिपडं जमतात. विषाणूंमुळे आले तर डोळा लाल होतो पण पाणी पातळ गळतं, सोबत बहुधा सर्दी किंवा घसा धरलेला असतो. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, ती मुख्यतः विषाणूंची. अशा डोळ्यांवर अँटिबायोटिक ड्रॉपचा उपयोग नसतो. लेकरू सारखं डोळे चोळतंय, खाज आहे, पण चिपडं नाहीत, तर ॲलर्जीची शक्यता जास्त.

लहान मुलांत ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून एकदा दाखवूनच घ्या. बाळ एक महिन्याच्या आतलं असेल आणि डोळ्यातून पू येत असेल, तर घरी काहीही न करता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. जन्माच्या वेळी लागलेला संसर्ग बुबुळाला फार लवकर इजा करू शकतो.

वर्षाच्या आतल्या बाळाचा एकच डोळा महिनोन् महिने पाणावतो, अधूनमधून चिकटतो, पण पांढरा भाग लाल नसतो, असंही पुष्कळदा दिसतं. त्यात बहुधा अश्रूंची नळी बंद असते. त्याला पुन्हा पुन्हा ड्रॉप न घालता डॉक्टरांकडून नाकाच्या बाजूची मालिश शिकून घ्या.

दिवसातून किती वेळा घालायचा?

हे औषधावर अवलंबून आहे, लेकराच्या वजनावर नाही. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन 0.5 टक्के हा ड्रॉप साधारणपणे एक थेंब, दिवसातून तीन वेळा, सात दिवस असा देतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन 0.3 टक्के असेल तर पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन ते चार तासांनी आणि पुढे दिवसातून चार वेळा, असं वेळापत्रक असतं. टोब्रामायसिन साधारण दर चार तासांनी. क्लोरॅमफेनिकॉल सुरुवातीचे दोन दिवस दर दोन तासांनी आणि मग दर चार तासांनी घालतात.

चिठ्ठीवर डॉक्टर थोडक्यात लिहितात: बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. आरई म्हणजे उजवा डोळा, एलई म्हणजे डावा, बीई म्हणजे दोन्ही. मेडिकलमधून निघण्याआधी हे विचारून बाटलीच्या खोक्यावर मराठीत लिहून घ्या.

दोन तासांनी घालायचा ड्रॉप कागदावर सोपा दिसतो. पण आई-वडील कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला गेले आणि घरी फक्त आजी असेल, तर तो पाळला जात नाही. ही अडचण डॉक्टरांना आधीच सांगा. दिवसातून तीनदाचा ड्रॉप चालत असेल तर ते तोच देतील. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी तर हे आवर्जून सांगावं.

एकच थेंब का? दोन-तीन घातले तर लवकर बरं होणार नाही का?

नाही. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 0.03 ते 0.05 मिलिलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या खोबणीत मावतं जेमतेम 0.03 मिलिलिटर, तेही मोठ्या माणसाच्या. म्हणजे पहिल्याच थेंबाने डोळा भरतो. दुसरा थेंब लगेच टाकला तर तो गालावर येतो आणि पहिल्यालाही सोबत वाहून नेतो.

दोन वेगळे ड्रॉप दिले असतील तर दोन्हींत किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा. मलमही दिलं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

थेंब वाया जातात की नाही, हे बाटलीवरूनही कळतं. 5 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर किंवा त्याहून जास्त थेंब असतात. दोन्ही डोळे, दिवसातून तीनदा, सात दिवस, याचे होतात 42 थेंब. सात दिवसांनी निम्मी बाटली उरायला हवी. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशीच संपली, तर औषध डोळ्यात कमी आणि उशीवर जास्त गेलंय.

नव्या बाटलीतून थेंब येत नाही. सुईने भोक पाडू का?

सुई, टाचणी, ब्लेड काही लावू नका. पुष्कळ बाटल्यांच्या टोपणातच आतून एक टोकदार काटा असतो. खालची सील-पट्टी काढा, टोपण घट्ट होईपर्यंत आवळा, म्हणजे तो काटा नळीला भोक पाडतो. मग टोपण उलट फिरवून काढा.

सुईने पाडलेलं भोक मोठं किंवा वाकडं होतं, थेंबाऐवजी धार लागते आणि सुईवरची घाण आत जाते ती वेगळीच. उघडली ती तारीख पेनाने बाटलीवर लिहा. चार आठवड्यांनंतर उरलेलं औषध टाकून द्या, मग बाटलीवरची मुदत पुढची का असेना.

घालण्याआधी दर वेळी नाव वाचा. कानाचे ड्रॉप आणि वस्तू चिकटवायच्या गोंदाच्या छोट्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात. त्या एका फळीवर ठेवू नका.

आधी चिपडं काढायची की आधी ड्रॉप?

आधी चिपडं. पू साचलेला असताना घातलेला थेंब त्या पुवरच बसतो.

पाणी उकळून कोमट होऊ द्या. स्वच्छ कापूस किंवा धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती धोतराचे तुकडे घ्या. हात साबणाने धुवा. ओला बोळा मिटलेल्या पापण्यांवर एक-दोन मिनिटं नुसता ठेवा, म्हणजे वाळलेली चिपडं भिजून सुटतात. मग नाकाच्या बाजूकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो बोळा टाकून द्या. पुन्हा पुसायचं तर नवा बोळा, दुसऱ्या डोळ्यालाही नवाच. वाळलेली चिपडं नखाने ओढली की पापणीचे केस उपटतात, दुखतं, आणि पुढच्या वेळी कापूस दिसताच लेकरू पळतं. पदराने पुसणं मात्र पूर्ण बंद ठेवा, कारण तोच पदर थोड्या वेळाने त्याच्या दुसऱ्या डोळ्याला आणि धाकट्या भावंडाच्या तोंडाला लागतो.

लेकरू डोळे गच्च मिटून घेतं. उघडायचे कसे?

उघडू नका. गच्च मिटलेल्या पापण्या बोटांनी फाकवायला गेलात की पापणी उलटी वळते, लेकरू घाबरतं आणि झटापटीत बाटलीचं टोक डोळ्याला लागतं. मिटलेल्या डोळ्यावरही ड्रॉप घालता येतो, आणि या वयात हीच पद्धत सगळ्यात जास्त यशस्वी होते.

लेकराला पाठीवर सपाट निजवा. उशी काढून घ्या. चेहरा अगदी छताकडे हवा, जरासुद्धा कलता नको. नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा, जिथं दोन्ही पापण्या मिळतात, तिथं एक छोटा खळगा असतो. त्या खळग्यात वरून एक थेंब सोडा. थेंब तिथं तळ्यासारखा साचून राहतो. आता घाई करू नका, डोकं तसंच सरळ धरून ठेवा. लेकरू कधी ना कधी डोळे किलकिले करतंच. त्या क्षणी थेंब आपोआप आत सरकतो. वर पंख्याकडे बोट दाखवा, छताला टांगलेला पाळणा हलवा, नाहीतर "चिमणी कुठाय?" म्हणा. डोळे उघडायला एवढं पुरतं.

किलकिले झाल्यावरही आत गेला नाही, तर खालच्या पापणीच्या खाली गालाच्या हाडावर बोट ठेवून कातडी हळूच खाली ओढा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब द्यायचा नाही.

ही पद्धत फसते ती दोन कारणांनी. एक, डोकं बाजूला कललेलं असतं आणि थेंब नाकावरून किंवा कानाकडे ओघळतो. दोन, थेंब पडल्या पडल्या लेकराला उठवून कडेवर घेतलं जातं. निदान अर्धा मिनिट निजवूनच ठेवा.

हातपाय झाडतं, डोकं हलवतं. धरायचं कसं?

दोन माणसं असतील तर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. लेकरू आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसेल, त्याचे पाय तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना जातील. मग त्याला मागे निजवा, म्हणजे डोकं समोरच्या माणसाच्या मांडीवर येईल. आई दोन्ही हात धरते, कोपरांनी पाय दाबून ठेवते, आणि लेकराला तिचा चेहरा दिसत राहतो. समोरचा माणूस डाव्या तळहाताने कपाळ स्थिर ठेवतो आणि उजव्या हाताने थेंब सोडतो. बाटली धरलेल्या हाताचं मनगट लेकराच्या कपाळावर टेकवा. डोकं हललं तर हातही सोबत हलतो आणि टोक डोळ्यात घुसत नाही.

घरात एकटंच माणूस असेल तर जमिनीवर सतरंजी टाकून पाय लांब करून बसा. लेकराला दोन्ही मांड्यांच्या मध्ये उताणं निजवा, डोकं तुमच्याकडे, पाय तुमच्या पावलांकडे. त्याचे दोन्ही हात बाजूला सरळ करून तुमच्या मांड्यांखाली घ्या. मांड्यांचं वजन हातांवर टाकायचं नाही, नुसतं अडवायचं. डोकं मांड्यांच्या मध्ये आपोआप धरलं जातं आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात.

फारच झाडत असेल तर पातळ चादरीत किंवा जुन्या लुगड्यात खांद्यापासून गुंडाळा. वाकळ किंवा गोधडी नको, जाड असल्याने ती सुटते आणि उन्हाळ्यात जीव कासावीस होतो. तोंड उघडं ठेवा आणि छातीवर आवळू नका.

बाटली दाखवून "रडलास तर अजून घालीन" असा धाक घालू नका. बाटली मुठीत दोन मिनिटं धरून कोमट करा, गार थेंबाने लेकरू जास्त दचकतं. आधी बाहुलीच्या, मग आईच्या डोळ्यात घातल्याचं नाटक दोन वर्षांच्या लेकराला चांगलं कळतं. औषधाचा खरा थेंब मात्र दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात टाकायचा नाही.

झोपेत घातला तर चालतो का?

चालतो, आणि रात्रीच्या थेंबाला हीच सोपी वेळ आहे. गाढ झोप लागली की चेहरा सरळ करा, खालची पापणी बोटाने जराशी ओढा आणि खोबणीत एक थेंब सोडा. सगळेच थेंब झोपेत घालायचे म्हणून वेळा मागे-पुढे करू नका.

थेंब आत गेला हे कसं कळणार?

पापण्यांच्या मुळाशी ओल दिसते, लेकरू दोन-तीनदा जोरात पापण्या मिचकावतं. काही औषधं नाकातून घशात उतरतात, मग ते तोंड वाकडं करतं, कारण चव कडू लागते. कडू लागणं ही चांगली खूण आहे, त्याने अपाय होत नाही.

थेंब सरळ गालावर पडला आणि पापण्या कोरड्याच राहिल्या, तर एक थेंब पुन्हा घाला. शंका वाटली म्हणून तीन-तीनदा नको. वाहिलेलं औषध गालावरून टिपा, डोळ्यावरून नाही.

बाटलीचं टोक पापणीला लागलं तर ते कपड्याने पुसू नका. एक थेंब बाहेर टाका आणि टोपण लावा. टोकाला पू लागला असेल तर नवी बाटली घ्या.

आमच्या लेकराचा पूर्ण आठवडा कसा जाईल?

समजा परभणीजवळच्या खेड्यातलं दोन वर्षांचं लेकरू आहे. सोमवारी सकाळी दोन्ही डोळे चिकटले, ताप नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन दिवसातून तीनदा, दोन्ही डोळ्यांत, सात दिवस दिला.

पहिला थेंब घरी आल्यावर लगेच, समजा दुपारी 1 ला. सोमवारी उरलेले दोन संध्याकाळी 5 ला आणि रात्री 9 ला. मंगळवारपासून सकाळी 7, दुपारी 2, रात्री 9. सकाळचा आई शेतात जाण्याआधी, चिपडं काढून. दुपारचा आजी घालते, आणि ती एकटी असल्याने मांड्यांमध्ये निजवण्याची पद्धत वापरते. रात्रीचा झोपेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली तीन रेघा, घातला की एक खोडायची. म्हणजे "तू घातलास का?" यात थेंब दोनदा पडत नाही किंवा राहून जात नाही.

मंगळवारी सकाळी डोळे अजून चिकटलेले असतील, त्याने घाबरू नका. बुधवारी चिपडं पातळ आणि कमी दिसायला हवीत. गुरुवारी सकाळी पापण्या बहुधा सुट्या असतात, पण लाली आणखी काही दिवस रेंगाळते. याच दिवशी घरोघरी ड्रॉप बंद होतो. तो डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत घाला.

बुधवारी संध्याकाळपर्यंत काहीच फरक नसेल, तर त्याच दवाखान्यात परत जा. दुपारचा थेंब राहिला आणि चारला आठवला, तर तेव्हाच घाला. रात्री आठला आठवला तर सोडून द्या. राहिलेल्याची भरपाई म्हणून रात्री दोन घालायचे नाहीत.

थेंब जमतच नाही. मलम चालेल का?

डॉक्टरांना विचारा, पुष्कळ औषधं मलमातही मिळतात. मलम डोळ्यात जास्त वेळ टिकतं आणि रडल्याने लगेच वाहून जात नाही. खालची पापणी ओढून आतल्या कडेला साधारण एक सेंटिमीटरची बारीक रेघ सोडायची. ते पापण्यांच्या कडेला लागलं तरी मिचकावण्याने आत ओढलं जातं. नंतर काही मिनिटं धूसर दिसतं, त्यामुळे लेकरू चिडतं. म्हणून बहुतेक जण ते रात्री लावतात. एका वेळेपुरत्या मऊ कॅप्सूलमध्येही हे मलम येतं. ती गिळायची नसते, टोक कापून डोळ्यात पिळायची असते.

मे महिन्यात बाटली कुठं ठेवायची?

खोक्यावर तापमान लिहिलेलं असतं, ते पाहा. मराठवाड्यात मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहून जास्त तापतं. खिडकीची फळी, मोटारसायकलची डिकी, चुलीजवळचा कोनाडा नको. फ्रिज असेल तर दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून माठाखालच्या गार जागेत, लेकराचा हात पोचणार नाही अशी ठेवा. औषधाचा रंग बदलला किंवा त्यात कण दिसले तर वापरू नका.

मेडिकलवाल्याने दिलेला किंवा घरात उरलेला ड्रॉप घालू का?

नको. चिठ्ठीशिवाय दिलेल्या ड्रॉपमध्ये पुष्कळदा अँटिबायोटिकसोबत स्टेरॉईड असतं. त्याने लाली दुसऱ्याच दिवशी कमी होते, म्हणून लोक पुन्हा तोच मागतात. पण आत नागीणीचा विषाणू किंवा बुरशी असेल तर स्टेरॉईडमुळे ती बळावते आणि बुबुळावर फूल पडू शकतं. जास्त दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा फ्लुओरोमेथोलोन असं नाव असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

काजळ, मध, गुलाबपाणी, तूप, आईचं दूध हेही डोळे आलेल्या लेकराच्या डोळ्यात घालू नका. त्यात जिवाणू असू शकतात, आणि काही काजळांत शिसं असतं.

ताबडतोब दवाखान्यात कधी न्यायचं?

लेकरू उजेडात डोळे उघडायलाच तयार नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, किंवा डोळ्याला काडी, कुसळ, खत, चुना लागला असेल, तर थांबू नका. चुना किंवा खत गेलं असेल तर आधी स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं सतत डोळा धुवा आणि मग निघा. पापणी टरारून सुजली, ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा इकडेतिकडे फिरेना, तर संसर्ग डोळ्याच्या मागे गेलेला असू शकतो. त्याला ड्रॉप पुरत नाही, भरती करून इंजेक्शन द्यावी लागतात. रात्र असली तरी जिल्हा रुग्णालय किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा.

डोळ्यांत पू आणि सोबत कान ओढून रडणं असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवा. एकाच जिवाणूने कान आणि डोळे दोन्ही धरलेले असू शकतात, मग तोंडाने अँटिबायोटिक द्यावं लागतं. अंगावर पुरळ आणि ताप असेल तर गोवराची शक्यता असते.

अंगणवाडीत कधी पाठवायचं? धाकट्यालाही तोच ड्रॉप घालू का?

चिपडं थांबेपर्यंत घरी ठेवा. बहुतेक लेकरांना दोन-तीन दिवस लागतात. टॉवेल, उशीचा अभ्रा, रुमाल वेगळे ठेवा आणि धुऊन कडक उन्हात वाळवा. ड्रॉप घातल्यावर दर वेळी हात धुवा. भावंडाला लागण झाली तर त्याला वेगळं दाखवा आणि त्याची बाटली वेगळी घ्या. डोळे आले नसतील तर आधीपासून ड्रॉप घालून काही उपयोग नाही.